पासवर्ड टाईप करता करताच नेट बँकिंग 'Session Expired' म्हणतं, ते का?

युजर आयडी टाकला. स्क्रीनवरच्या कीबोर्डवर एकेक अक्षर शोधून पासवर्ड टाकला. वाकडीतिकडी अक्षरं ओळखून कॅप्चा भरला. लॉगिनचं बटण दाबलं आणि समोर आलं, 'Your session has expired. Please login again.' आता गंमत म्हणजे तुम्ही पूर्ण वेळ स्क्रीनसमोरच बसलेले असता. कुठं उठून गेलेला नसता, पासवर्डही चुकलेला नसतो. मग बँक तुम्हाला बाहेर का काढते?

बहुतेक जण याचं खापर नेटवर फोडतात, नाहीतर 'सर्व्हर डाऊन असेल' म्हणून सोडून देतात. कधीकधी ते खरंही असतं. पण बऱ्याचदा कारण तीनपैकी एक असतं. एक तर बँकेचं घड्याळ संपलेलं असतं, दुसरं म्हणजे ब्राऊझरनं बँकेची खिडकी उघडूच दिलेली नसते, आणि तिसरं म्हणजे तुम्ही लॉगिनचं बटण दोनदा दाबलेलं असतं.

ही तिन्ही कारणं वेगवेगळी वाटली तरी त्यांच्या मुळाशी एकच गोष्ट आहे. ती एकदा लक्षात आली की नेमकं काय बिघडलं ते तुम्हाला स्वतःलाच ओळखता येतं.

बँकेला तुम्ही दिसत नाही

बँकेच्या शाखेत तुम्ही काउंटरसमोर उभे राहून फॉर्म भरत असाल तर कॅशियरला दिसतं की माणूस समोर आहे, लिहितोय, थांबूया. नेट बँकिंगमध्ये बँकेच्या सर्व्हरला यातलं काहीही दिसत नाही. तुमच्या ब्राऊझरकडून एखादी मागणी आली की सर्व्हर उत्तर देतो. पुढची मागणी येईपर्यंत त्याच्या दृष्टीनं तुम्ही काय करताय याचा पत्ता नसतो.

मग तुम्ही म्हणजे तुम्हीच, हे त्याला कळतं कसं? त्यासाठी सेशन असतं. तुम्ही लॉगिनचं पान उघडलं की सर्व्हर एक लांबलचक आकडा तयार करतो आणि तो तुमच्या ब्राऊझरकडे कुकीच्या रूपात ठेवायला देतो. दवाखान्यात गेल्यावर हातात नंबरचं टोकन मिळतं ना, तसंच. पुढं प्रत्येक मागणीसोबत ब्राऊझर हे टोकन दाखवतो आणि सर्व्हर ओळखतो की हा मघाचाच माणूस.

अडचण अशी की लॉगिन झाल्यानंतर हे टोकन पासवर्डइतकंच ताकदीचं होतं. ज्याच्या हातात टोकन, त्याला सर्व्हर खातेदार समजतो. सायबर कॅफेत किंवा ऑफिसच्या सामायिक कॉम्प्युटरवर कुणी खातं उघडं ठेवून चहाला गेलं, तर पुढच्या माणसाला पासवर्डची गरजच उरत नाही. म्हणून बँका या टोकनला फार कमी आयुष्य देतात. वेब सुरक्षेचे मार्गदर्शक नियम तयार करणारी ओडब्ल्यूएएसपी ही संस्था सांगते की जिथं धोका जास्त, अशा साइटवर काहीच हालचाल नसेल तर 2 ते 5 मिनिटांत सेशन बंद करावं. धोका कमी असेल तर 15 ते 30 मिनिटं चालतात. प्रत्येक बँक आपली वेळ स्वतः ठरवते, पण शॉपिंगची साइट महिनोन्महिने लॉगिन राहते आणि बँक पाच मिनिटांत हाकलते, त्यामागचं कारण हे आहे.

कारण पहिलं : घड्याळ तुम्ही टाईप करायच्या आधीच सुरू झालेलं असतं

आता एक उदाहरण धरू. मुलीच्या होस्टेलचं डिपॉझिट 18,000 रुपये आज रात्रीच पाठवायचंय. समजा तुमच्या बँकेनं लॉगिनच्या पानाला 5 मिनिटांची मुदत ठेवली आहे. रात्री 9 वाजता तुम्ही पान उघडलं. सर्व्हरनं टोकन दिलं आणि त्याच क्षणी घड्याळ सुरू झालं.

मग तुम्ही डायरीत युजर आयडी शोधला, चष्मा शोधला. 9 वाजून 3 मिनिटांनी टाईप करायला सुरुवात केली. स्क्रीनवरच्या कीबोर्डची अक्षरं प्रत्येक वेळी जागा बदलतात, त्यात दोन मिनिटं गेली. कॅप्चा भरून 9 वाजून 5 मिनिटं 20 सेकंदांनी बटण दाबलं.

तुमच्या हिशोबानं तुम्ही सलग काम करत होता. पण ही अक्षरं तुम्ही बटण दाबेपर्यंत तुमच्याच ब्राऊझरमध्ये पडून असतात. सर्व्हरपर्यंत त्यातलं एकही पोहोचलेलं नसतं. त्याच्या दृष्टीनं 9 वाजता एक माणूस आला आणि पाच मिनिटं गप्प बसला. टोकन रद्द. तुमचं बटण वीस सेकंद उशिरा आलं.

काही बँका पानावर उलटी मोजणी दाखवतात, तिच्यावरही पूर्ण विसंबू नका. ती मोजणी तुमच्या कॉम्प्युटरवर चालते, खरं घड्याळ सर्व्हरवर. लॅपटॉप मिटून ठेवला तर स्क्रीनवरची मोजणी थांबते, सर्व्हरची थांबत नाही. परत उघडल्यावर दोन मिनिटं शिल्लक दिसतात आणि प्रत्यक्षात मुदत कधीच संपलेली असते.

हे कारण ओळखायचं कसं? पान उघडून बटण दाबेपर्यंत काही मिनिटं गेली असतील, बटण एकदाच दाबलं असेल आणि लगेच 'expired' आलं असेल, तर घड्याळच संपलं. उपाय साधा आहे. युजर आयडी, पासवर्ड, ओटीपी येणारा मोबाईल, ज्याला पैसे पाठवायचे त्याचा खाते नंबर हे सगळं आधी हाताशी घ्या आणि पान शेवटी उघडा. पान आधीच उघडून ठेवलं असेल तर टाईप करण्यापूर्वी ते एकदा रिफ्रेश करा. काहीही न पाठवलेलं कोरं लॉगिन पान रिफ्रेश केल्यानं बिघडत काही नाही, सहसा नवीन टोकन मिळतं आणि घड्याळ पुन्हा शून्यापासून सुरू होतं.

मोबाईलच्या ब्राऊझरवर याचाच एक वेगळा प्रकार घडतो. ओटीपी बघायला तुम्ही मेसेजमध्ये जाता. फोनची मेमरी कमी असेल तर तेवढ्यात फोन मागचं पान मेमरीतून काढून टाकतो. परत आल्यावर पान नव्यानं लोड होतं आणि सेशन तुटतं. म्हणून ओटीपी वरच्या नोटिफिकेशनमध्येच वाचा, ब्राऊझर सोडून जाऊ नका.

कारण दुसरं : दोनदा दाबलेलं बटण

आपण होस्टेलच्या डिपॉझिटकडे परत येऊ. दुसऱ्या वेळी तुम्ही सगळं पटापट भरलं आणि बटण दाबलं. नेट स्लो, दोन-तीन सेकंद काहीच हललं नाही. वाटलं क्लिक बसलाच नाही, म्हणून पुन्हा दाबलं. किंवा डेस्कटॉपवर फोल्डर उघडायची सवय असल्यामुळं हातानं आपोआप डबल क्लिक केलं. समोर आलं, 'Invalid Session'.

इथं काय घडतं ते नीट बघा. पहिल्या क्लिकनं तुमची माहिती सर्व्हरकडे गेली. सर्व्हरनं पासवर्ड तपासला, बरोबर निघाला. लॉगिन झाल्याबरोबर त्यानं जुनं टोकन रद्द करून नवीन दिलं. चांगल्या सिस्टीममध्ये हे मुद्दाम केलेलं असतं, म्हणजे लॉगिनच्या आधीचं टोकन कुणी चोरलं असलं तरी ते लॉगिननंतर चालू नये. शिवाय त्या फॉर्ममध्ये एक लपलेला, एकदाच चालणारा कोडही असतो. पहिल्या क्लिकनं तोही वापरला गेला.

तेवढ्यात दुसरा क्लिक पोहोचतो, आणि त्याच्यासोबत असतं ते जुनं टोकन आणि वापरून झालेला कोड. सर्व्हरला दिसतं की वापरलेलं तिकीट घेऊन कुणीतरी पुन्हा दारात आलंय. तुम्ही घाईत आहात हे त्याला कळायला मार्ग नाही. चोरानं नक्कल केली असती तरी तिकीट असंच दिसलं असतं. म्हणून तो नकार देतो. काही बँका तर संशय आला म्हणून पहिल्या क्लिकनं उघडलेलं सेशनही बंद करतात.

आता खरी मेख. दुसरा क्लिक केल्याबरोबर तुमचा ब्राऊझर पहिल्या क्लिकच्या उत्तराची वाट बघणं सोडून देतो आणि फक्त दुसऱ्याचं उत्तर दाखवतो. म्हणजे पहिल्या क्लिकवर लॉगिन झालं असलं, तरी ते पान तुम्हाला दिसतच नाही. दिसतो तो दुसऱ्या क्लिकचा नकार.

याची खूण पुढच्या प्रयत्नात सापडते. तुम्ही तिसऱ्यांदा लॉगिन करायला जाता आणि काही बँकांमध्ये मेसेज येतो, 'User already logged in'. हा मेसेज बघून माणूस घाबरतो, आपलं खातं कुणी हॅक केलं की काय. पण पाच मिनिटांपूर्वी तुम्हीच बटण दोनदा दाबलं असेल, तर आत अडकून पडलेलं ते सेशन बहुधा तुमचंच असतं. पहिल्या क्लिकनं उघडलेलं, कुणाच्याच स्क्रीनवर नसलेलं. सर्व्हर ते त्याची मुदत संपल्यावर बंद करतो. अशा वेळी पुन्हा पुन्हा प्रयत्न करण्यापेक्षा दहा-पंधरा मिनिटं थांबावं. तुम्ही त्याआधी लॉगिन केलंच नसेल आणि तरी हा मेसेज आला, किंवा थांबूनही तो जात नसेल, तर मात्र बँकेला लगेच कळवा.

लॉगआऊट न करता नुसता टॅब बंद केला तरी हाच मेसेज येऊ शकतो. टॅब बंद केल्याचं सर्व्हरला कळत नाही. लॉगआऊटचं बटण ही सर्व्हरला पाठवलेली मागणी असते, म्हणून ते दाबलं तरच सेशन तिथल्या तिथं संपतं.

ब्राऊझरचं मागे जाण्याचं बटण आणि लॉगिननंतरचं रिफ्रेश हेही डबल क्लिकचेच भाऊ. दोन्हींमध्ये जुनीच माहिती पुन्हा पाठवली जाण्याची शक्यता असते. Chrome त्यावेळी 'Confirm Form Resubmission' असं विचारतो. बँकेच्या पानावर हा प्रश्न आला की पुढं न जाता सुरुवातीपासून लॉगिन करावं.

कारण तिसरं : खिडकी उघडलीच नाही

काही बँकांच्या साइटवर लॉगिनचं बटण दाबलं की वेगळी खिडकी उघडते. ऑनलाईन पेमेंट करतानाही काही वेळा बँकेचं पान असंच वेगळ्या खिडकीत येतं. नको त्या जाहिराती अशाच खिडक्यांमधून यायच्या, म्हणून ब्राऊझर त्यांना अडवायला लागले. यालाच पॉप-अप ब्लॉकर म्हणतात.

ब्राऊझरचा नियम असा की माणसानं स्वतः क्लिक केल्यावर उघडणारी खिडकी चालेल, आपोआप उघडणारी नाही. आणि क्लिकची ही परवानगी थोडाच वेळ टिकते. Chrome मध्ये ती साधारण 5 सेकंदांची असते. बँकेचं पान जर क्लिकनंतर आधी सर्व्हरला काही विचारत असेल आणि उत्तर आल्यावर खिडकी उघडत असेल, तर स्लो नेटवर ते उत्तर सहा-सात सेकंदांनी येतं. तोवर परवानगी संपलेली असते आणि ब्राऊझर खिडकी अडवतो. म्हणून तीच साइट ऑफिसच्या वायफायवर चालते आणि गावाकडं मोबाईल डेटावर अडते.

तुम्हाला मात्र काहीच दिसत नाही. बटण दाबलं, पान तसंच. इकडं सर्व्हरनं पुढचं पान तयार करून ठेवलेलं असतं आणि घड्याळ चालू असतं. तुम्ही वाट बघता, पुन्हा दाबता, आणि शेवटी तोच 'expired' चा मेसेज येतो.

खूण अशी, की Chrome मध्ये कॉम्प्युटरवर ॲड्रेस बारच्या उजव्या टोकाला खिडकीवर फुली असलेलं छोटं चिन्ह येतं. मोबाईलवर खाली किंवा वर एक पट्टी येऊन जाते. परवानगी देण्यासाठी Chrome च्या Settings मध्ये Site settings आणि त्यात Pop-ups and redirects असा पर्याय असतो. आयफोनवर Safari च्या सेटिंगमध्ये Block Pop-ups सापडतं. Chrome मध्ये ही परवानगी सगळ्या साइटना न देता फक्त बँकेच्या पत्त्यापुरती द्या. Safari मध्ये ते सगळ्यांसाठी बंद केलं, तर काम झाल्यावर परत सुरू करा. परवानगी दिल्यावर अडलेल्या पानावरून पुढं जायचा प्रयत्न करू नका. ते टोकन शिळं झालेलं असण्याचीच शक्यता जास्त. मूळ पानापासून पुन्हा सुरुवात करा.

तिघांपैकी कोण, हे ठरवायचं कसं?

क्रम असा ठेवा. बँकेचे सगळे टॅब बंद करा. एकाच ब्राऊझरमध्ये दोन टॅबमध्ये बँक उघडली तर दोन्हींचं टोकन एकच असतं, आणि एका टॅबमधलं नवीन लॉगिन दुसऱ्याला बाद करू शकतं. मग दहा-पंधरा मिनिटं जाऊ द्या, म्हणजे अडकलेलं सेशन सुटेल. त्यानंतर Chrome ची Incognito खिडकी उघडून बँकेचा पत्ता स्वतः टाईप करा. तिथं जुनी कुकी नसते आणि जाहिराती अडवणारी एक्स्टेन्शनही तुम्ही मुद्दाम परवानगी दिली नसेल तर बंद असतात. माहिती एका दमात भरा, बटण एकदाच दाबा आणि निदान अर्धा मिनिट हात बाजूला ठेवा.

इथं लॉगिन झालं, तर दोष जुन्या कुकीचा, एक्स्टेन्शनचा किंवा घाईचा होता. खिडकी अडल्याचं चिन्ह इथंही दिसलं, तर दोष ब्राऊझरच्या स्वतःच्या ब्लॉकरचा, कारण तो Incognito मध्येही चालू असतो. यातलं काहीच नसेल तर व्हीपीएन चालू आहे का ते बघा. लॉगिन चालू असताना मोबाईल डेटावरून वायफायवर जाऊ नका, कारण नेटचा पत्ता मध्येच बदलला तर काही साइट सेशन तोडतात. एवढं करूनही तेच घडत असेल, तर अडचण बँकेच्या बाजूची समजायला हरकत नाही.

लॉगिन अडलं तर वेळ जातो, पेमेंट अडलं तर पैसे

इथपर्यंत जे झालं त्यात खात्यातला एक रुपयाही हलत नाही. पण 18,000 रुपये पाठवायच्या शेवटच्या 'Confirm' बटणावर सेशन तुटलं, तर गोष्ट वेगळी. आत्ताच बघितलं की दुसऱ्या क्लिकचा नकार दिसत असताना पहिला क्लिक यशस्वी झालेला असू शकतो. तिथं यशस्वी झालेली गोष्ट लॉगिन होती, इथं ती पैसे पाठवण्याची असू शकते. त्यामुळं 'Session Expired' याचा अर्थ 'पैसे गेले नाहीत' असा काढू नका. पुन्हा लॉगिन करून आधी स्टेटमेंट बघा, 18,000 वजा झालेत का ते तपासा आणि मगच दुसऱ्यांदा पाठवायचं की नाही ते ठरवा. फक्त बँकेच्या एसएमएसवर राहू नका, तो उशिरा येऊ शकतो.

आयएमपीएसनं पाठवलेले पैसे तुमच्या खात्यातून गेले आणि समोरच्याला जमा झाले नाहीत, तर त्यासाठी रिझर्व्ह बँकेचा 20 सप्टेंबर 2019 चा नियम आहे. व्यवहाराच्या दुसऱ्या दिवसापर्यंत पैसे आपोआप परत यायला हवेत. त्यापुढं उशीर झाला तर दिवसाला 100 रुपये भरपाई द्यावी लागते आणि त्यासाठी ग्राहकानं तक्रार करण्याचीही अट नाही.

दुसरा धोका याहून मोठा. लॉगिन तीनदा अडलं की माणूस वैतागून गुगलवर बँकेचं नाव आणि 'login problem' किंवा 'customer care' असं टाकतो. फसवणूक करणारे खोटी पानं आणि खोटे नंबर घेऊन तिथंच बसलेले असतात. फोन उचलणारा गोड बोलतो, 'सेशन रिसेट करून देतो' म्हणतो आणि ओटीपी मागतो, नाहीतर स्क्रीन शेअर करणारं ॲप टाकायला लावतो. सेशन रिसेट करायला बँकेला तुमचा ओटीपी लागत नाही. ते मुदत संपली की आपोआप बंद होतं.

म्हणून पत्ता नेहमी स्वतः टाईप करा आणि नंबर पासबुकवरचा किंवा कार्डाच्या मागचा घ्या. रिझर्व्ह बँकेनं देशातल्या बँकांना आपल्या साइट 31 ऑक्टोबर 2025 पर्यंत .bank.in या पत्त्यावर न्यायला सांगितलं होतं. हा पत्ता फक्त बँकांनाच मिळतो. त्यामुळं बँकेच्या नावाचा पत्ता .bank.in वर संपत नसेल, तर पासवर्ड टाकण्याआधी थांबा आणि शाखेतून खात्री करून घ्या. ओटीपी देऊन बसला असाल आणि पैसे गेले असतील, तर बँकेला कळवा आणि 1930 या सायबर हेल्पलाईनवर लगेच फोन करा. पैसे पुढच्या खात्यातून काढले जाण्याआधी तक्रार पोहोचली तर ते तिथंच गोठवता येण्याची शक्यता असते.